जूनमध्ये अंदाज, मार्चमध्ये हिशोब: फ्रीलान्सरने ॲडव्हान्स टॅक्स कसा भरावा

१५ जूनला आर्थिक वर्षाचे जेमतेम अडीच महिने उलटलेले असतात आणि आयकर कायदा तुमच्याकडे वर्षभराच्या कराचे १५ टक्के मागतो. पगारदाराला याची फिकीर नसते, कारण कंपनी दरमहा कापून घेते. फ्रीलान्सरची पंचाईत अशी की ऑक्टोबरात कुठलं काम येणार हे त्याला जूनमध्ये ठाऊक नसतं. आणि कायदा जूनच्या हप्त्याची तुलना जूनमधल्या तुमच्या अंदाजाशी करतच नाही. वर्ष संपल्यावर जो खरा कर निघतो, त्याच्याशी करतो. जूनमध्ये तुम्ही कितीही प्रामाणिकपणे हिशोब केलेला असो, फेब्रुवारीत मोठं काम आलं की तो जूनचा हप्ता मागाहून कमी ठरतो आणि त्यावर व्याज लागतं.

म्हणून अंदाज तंतोतंत बरोबर यावा या खटपटीत पडू नये. तो चुकणारच. चुकला तर व्याज थोडक्यात आटपावं आणि कराचे पैसे खर्च होऊन जाऊ नयेत, एवढं साधलं तरी पुष्कळ झालं. पुढचे सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या करप्रणालीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले. हप्त्यांच्या तारखा आणि टक्के मात्र तेच राहिले. लोकांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक आहेत, मीही तेच वापरतो.

आधी पाहा: चार हप्ते तुम्हाला लागू आहेत का?

वर्षाच्या एकूण करातून टीडीएस वजा करून दहा हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उरत असेल, तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १००. हे टक्के आधीचे हप्ते धरून आहेत, म्हणजे सप्टेंबरात ४५ टक्क्यांतून जूनमध्ये भरलेलं वजा करायचं.

कलम ४४एडीए खाली जाणाऱ्यांना यातून मोठी सवलत आहे. एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची आणि सगळा ॲडव्हान्स टॅक्स एकदाच, १५ मार्चपर्यंत भरायचा. पण हे कलम ठरावीक व्यवसायांसाठीच आहे: डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, आयटीतले व्यावसायिक, आणि चित्रपट क्षेत्रातले संकलक, कॅमेरामन, गीतकार, संवादलेखक वगैरे. भाषांतरकार, कॉपीरायटर, सोशल मीडिया सांभाळणारे यांची नावं त्या यादीत नाहीत. तरीही अनेक जण ‘मी फ्रीलान्सर, म्हणजे ४४एडीए’ असं गृहीत धरून रिटर्न भरतात. तुमचं काम यादीत बसतं की नाही हे सीएकडून एकदा पक्कं करून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे. हा लेख यादीत न बसणाऱ्यांसाठी, म्हणजे प्रत्यक्ष खर्च वजा करून नफा काढणाऱ्या आणि चार हप्ते भरणाऱ्यांसाठी आहे.

फ्रीलान्सिंगचं पहिलंच वर्ष असेल तर आणखी एक सवलत आहे, जी फारशी कुणी सांगत नाही. व्यवसायाचं उत्पन्न आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालं असेल, तर त्या उत्पन्नामुळे आधीचे हप्ते कमी पडले म्हणून कलम २३४सीचं व्याज लागत नाही. अट एवढीच की ते उत्पन्न सुरू झाल्यानंतरच्या हप्त्यांत, किंवा उरलेला हप्ता नसेल तर ३१ मार्चपर्यंत, त्यावरचा कर भरलेला असावा. नोकरीत असताना शनिवार-रविवारी कामं घेऊन ती रिटर्नमध्ये व्यवसाय म्हणून दाखवली असतील, तर ‘पहिलं वर्ष’ तेव्हाच होऊन गेलं.

अंदाजाचा कागद

वहीत किंवा शीटमध्ये जमेचे तीन रकाने करा. पहिला, बँकेत आलेले पैसे. दुसरा, पक्के पैसे: बिल दिलंय किंवा लेखी ऑर्डर हातात आहे. तिसरा, होईल-न होईल अशी कामं. पहिले दोन पूर्ण धरा, तिसऱ्यातलं निम्मं धरा. निम्मं हा काही नियम नाही, माझा ठोकताळा आहे. ज्यांची कामं दरवर्षी दिवाळीच्या आसपास एकदम वाढतात, त्यांनी मागच्या दोन वर्षांची बँक स्टेटमेंट काढून त्या महिन्यांचं प्रमाण पाहावं. ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी यातल्या कुठल्याच रकान्यात नको, ते तुमचं उत्पन्न नाही.

यात हिशोबाची पद्धत महत्त्वाची ठरते. बहुतेक फ्रीलान्सर रोख पद्धतीने हिशोब ठेवतात, म्हणजे पैसे आले त्या दिवशी उत्पन्न झालं. मग फेब्रुवारीचं बिल एप्रिलमध्ये वसूल झालं तर ते पुढच्या वर्षात जातं. परदेशी ग्राहक तीस-साठ दिवसांनी पैसे देत असतील, तर मार्चच्या अंदाजात याने लाखभराचा फरक सहज पडतो. पद्धत कुठलीही घ्या, दरवर्षी तीच ठेवा.

खर्चाच्या बाजूला सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो लॅपटॉपचा. नोव्हेंबरात नव्वद हजारांचा लॅपटॉप घेतला म्हणून डिसेंबरच्या अंदाजात नफ्यातून नव्वद हजार वजा करून टाकतात. ती मालमत्ता आहे, तिचा घसारा मिळतो. संगणकाला ४० टक्के. आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्याच्या निम्मा, २० टक्के. म्हणजे या वर्षी वजा होणार अठराच हजार. सॉफ्टवेअरचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन, इंटरनेट, कामासाठीचा प्रवास, सीएची फी हे खर्च पूर्ण जातात. एफडीचं व्याज मात्र लोक विसरतात. ते व्यवसायाचा नफा नसलं तरी एकूण उत्पन्नात मिळवायचं असतं.

आता टीडीएस. भारतातल्या कंपन्या व्यावसायिक फीवर १० टक्के कापतात. २०२५-२६ पासून वर्षाला एका ग्राहकाकडून पन्नास हजारांच्या वर गेल्यावर. परदेशी ग्राहक काहीच कापत नाहीत, आणि ॲडव्हान्स टॅक्सचा बोजा मुख्यतः तिथूनच येतो. हिशोबात वर्षभरात कापला जाईल असा टीडीएस धरायचा, आजपर्यंत कापलेला नव्हे. पण ग्राहकाने टीडीएस कापायला हवा होता आणि कापलाच नाही, तर तो धरता येत नाही. तेवढा कर तुम्हीच भरायचा.

१५ जूनला फॉर्म २६एएस उघडून ‘एप्रिलचा टीडीएस दिसत नाही’ म्हणून ग्राहकाला फोन करण्यात अर्थ नाही. एप्रिल ते जूनचं टीडीएस विवरण भरायला कंपनीला ३१ जुलैपर्यंत मुदत असते, जानेवारी ते मार्चचं तर ३१ मेपर्यंत. त्यामुळे हप्त्याच्या दिवशी विश्वास ठेवायचा तो स्वतःच्या नोंदीवर: कुठलं बिल, किती कापून आले. ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारीत २६एएसशी ताळा करा. तेव्हाही दिसत नसेल तर मात्र फोन कराच.

एक वर्ष, चार हप्ते

नाशिकमध्ये बसून भाषांतर आणि सबटायटल्सचं काम करणारी एक फ्रीलान्सर समजा. काही ग्राहक मुंबई-पुण्याचे, बाकीचे परदेशी. मागच्या वर्षी खर्च जाऊन नफा अकरा लाख होता.

जूनमध्ये तिचा कागद सांगतो: वर्षाची जमा १५ लाख, खर्च ३ लाख ३० हजार, नफा ११ लाख ७० हजार. बारा लाखांपर्यंत कलम ८७एची पूर्ण सूट आहे, म्हणून कर शून्य आणि हप्ताही शून्य. कागदावर सगळं ठीक. पण अंदाजासाठी याहून निसरडी जागा नाही. बारा लाखांच्या आत कर शून्य आणि सोळा लाखांवर सेस धरून १,२४,८००. मधली चढण एकदम उभी आहे. बारा लाखांच्या जरा वर, साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत, कर तुमच्या वरच्या रकमेइतकाच आकारला जातो: नफा १२ लाख ३० हजार झाला तर कर तीस हजार आणि वर सेस. या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया सरकारजमा होतो. म्हणून ज्यांचा अंदाज अकरा ते बारा लाखांच्या दरम्यान येतो, त्यांनी ‘शून्य’ या उत्तरावर गाफील राहू नये.

सप्टेंबरात ती कागद नव्याने मांडते. जुना अंदाज थोडाफार दुरुस्त करण्यापेक्षा सगळं शून्यापासून लिहिणं बरं, नाहीतर जूनमधली गृहीतकं तशीच पुढे सरकतात. जमा १६ लाख ५० हजार, खर्च ३ लाख ४० हजार, नफा १३ लाख १० हजार. पहिल्या चार लाखांवर काही नाही. पुढच्या चार लाखांवर ५ टक्क्यांनी वीस हजार. त्यापुढच्या चारवर १० टक्क्यांनी चाळीस हजार. उरलेल्या एक लाख दहा हजारांवर १५ टक्क्यांनी १६,५००. बेरीज ७६,५००. त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ७९,५६०. भारतीय ग्राहकांकडून साडेसहा लाख अपेक्षित, त्यावर टीडीएस ६५,०००. उरले १४,५६०. त्याचे ४५ टक्के ६,५५२. ती ६,६०० भरते.

शीटमध्ये हेच एका ओळीत येतं. B1 मध्ये वर्षाचा कर, B2 मध्ये वर्षाचा टीडीएस, B3 मध्ये आतापर्यंत भरलेले हप्ते, डिसेंबरात 0.45 च्या जागी 0.75 टाकायचं:

```
=MAX(0,(B1-B2)*0.45-B3)
```

ऑक्टोबरात एका परदेशी ग्राहकाचं मोठं काम येतं. डिसेंबरचा अंदाज: जमा २० लाख, खर्च ३ लाख ६० हजार, नफा १६ लाख ४० हजार. सोळा लाखांपर्यंतचा कर १,२०,०००, वरच्या चाळीस हजारांवर २० टक्क्यांनी ८,०००, सेससह १,३३,१२०. भारतीय कामही वाढलंय, त्यामुळे टीडीएस ८०,००० धरला. उरले ५३,१२०, त्याचे ७५ टक्के ३९,८४०. आधीचे ६,६०० वजा जाऊन ती ३३,३०० भरते. एकूण ३९,९०० झाले.

मार्चमध्ये अंदाज करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. जमा २० लाख ४० हजार, नफा १६ लाख ८० हजार, कर सेससह १,४१,४४०, टीडीएस ८०,०००. राहिले ६१,४४०. ती २१,६०० भरते आणि एकूण ६१,५०० होतात.

चुकल्याची किंमत

आता २३४सीचं व्याज मोजू. पहिल्या तीन हप्त्यांत कमी पडलेल्या रकमेवर दरमहा १ टक्क्याने तीन महिन्यांचं, म्हणजे सरळ ३ टक्के. मार्चच्या तुटीवर १ टक्का. जून आणि सप्टेंबरात थोडी सूट आहे: अनुक्रमे १२ आणि ३६ टक्के भरले असतील तर व्याज नाही. पण त्या रेषेखाली गेलात की तूट पूर्ण १५ आणि ४५ टक्क्यांपासून मोजतात. व्याज काढताना तुटीतले शंभराखालचे रुपये सोडून देतात.

जूनमध्ये ६१,४४० चे १५ टक्के, म्हणजे ९,२१६ हवे होते, भरले शून्य. ९,२०० वर ३ टक्के, २७६ रुपये. सप्टेंबरात २७,६४८ हवे होते, भरले ६,६००. तूट २१,०४८, व्याज ६३०. डिसेंबरात ४६,०८० हवे होते, भरले ३९,९००, व्याज १८३. मार्चमध्ये तूट नाही. एकूण १,०८९ रुपये. जूनचा अंदाज पाच लाखांनी चुकूनही वर्षाचा दंड हजार-अकराशे!

हेच सगळं डोळ्याआड करून तिने जुलैअखेर रिटर्नच्या वेळी ६१,४४० एकदम भरले असते तर? २३४सीचे ३,०९८ झाले असते. शिवाय कलम २३४बी लागलं असतं. ३१ मार्चपर्यंत ९० टक्के कर भरलेला नसेल, तर १ एप्रिलपासून भरेपर्यंत दरमहा १ टक्का, आणि महिन्याचा एक दिवस आला तरी पूर्ण महिना धरतात. एप्रिल ते जुलै चार महिन्यांचे २,४५६. मिळून ५,५५४.

या आकड्यांवरून माझं मत असं झालंय: पैसे अडकलेले असताना जूनचा हप्ता भरायला क्रेडिट कार्डावर कर्ज काढू नये. दरमहा १ टक्का हे कार्डाच्या व्याजापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मार्चचा हप्ता मात्र चुकवू नये, कारण २३४बीचं मीटर थांबत नाही. १५ मार्च हुकला तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम ॲडव्हान्स टॅक्समध्येच धरली जाते. तेवढ्याने फक्त मार्चच्या तुटीचा १ टक्का जातो, पुढचं व्याज वाचतं.

उलट बाजूने, भीतीपोटी दुप्पट भरून ठेवण्यातही शहाणपण नाही. परताव्यावर सरकार दरमहा अर्धा टक्का देतं, तेही परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाही. शिवाय ते व्याज पुन्हा करपात्र.

यावर उपाय म्हणून परदेशी ग्राहकाचे पैसे आले की त्यातले १५ ते २० टक्के त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावेत. आपल्या नाशिकच्या फ्रीलान्सरचा वरचा टप्पा सेससह २०.८ टक्क्यांचा आहे, म्हणून वर्षाच्या उत्तरार्धात तिला वीसच हवेत. हे पैसे सरकारला आज द्यायचेत असं नाही, पण डिसेंबरात एकदम तेहतीस हजार काढायचे तर ते कुठेतरी असायला हवेत. ज्यांचा टप्पा ३० टक्क्यांपर्यंत जातो, त्यांना हे प्रमाण अर्थातच पुरणार नाही.

पैसे भरताना

आयकर खात्याच्या incometax.gov.in या संकेतस्थळावर `e-Pay Tax` उघडा. लॉगिन न करताही पॅन आणि मोबाइलवरच्या ओटीपीने भरता येतं. `Income Tax` निवडल्यावर वर्ष आणि प्रकार विचारला जातो, प्रकार `Advance Tax (100)`. त्याखालचं `Self Assessment Tax (300)` हे वर्ष संपल्यावर, रिटर्नच्या आधी भरायच्या करासाठी आहे. रक्कम कराच्या रकान्यात टाका, सेस वेगळा फोडला नाही तरी हिशोब एकूण रकमेवरच होतो. पैसे नेट बँकिंग, डेबिट कार्ड, यूपीआय किंवा एनईएफटीने जातात. एनईएफटीचा फॉर्म काढून ठेवून पैसे दोन दिवसांनी पाठवले तर भरल्याची तारीखही दोन दिवसांनंतरचीच लागते, म्हणून शेवटच्या दिवशी हा मार्ग नको. शेवटची तारीख बँकेच्या सुट्टीच्या दिवशी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं चालतं. १५ जून २०२५ रविवार होता, त्यामुळे सोमवारी १६ तारखेला भरणाऱ्यांना व्याज लागण्याचं कारण नव्हतं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या वर्षाच्या रकान्यात. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ च्या उत्पन्नासाठी निर्धारण वर्ष २०२६-२७ निवडायचं असतं. आणि नव्या कायद्यातलं ‘कर वर्ष २०२६-२७’ म्हणजे एप्रिल २०२६ ते मार्च २०२७. आकडा तोच, वर्ष वेगळं. संक्रमणाच्या या काळात पैसे भरण्याआधी हा रकाना दोनदा वाचावा. चुकीच्या वर्षात गेलेला हप्ता बुडत नाही, पण योग्य वर्षात तो न भरल्यासारखाच दिसतो आणि नोटीस येते. चूक लगेच लक्षात आली तर पोर्टलवर लॉगिन करून `Challan Correction` मधून निर्धारण वर्ष बदलता येतं, त्यासाठी चलन भरल्यापासून सात दिवसांचीच मुदत आहे. त्यानंतर आपल्या निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

चलनाची पावती उतरवून घेऊन त्यावरचा बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक अंदाजाच्याच कागदावर लिहून ठेवा. काही दिवसांत चलन २६एएसमध्ये दिसू लागतं. रिटर्न भरताना चारही चलनं आपोआप आली आहेत ना हे पाहायचं. एखादं नसेल तर याच तीन आकड्यांवरून ते हाताने घालता येतं.